कंदील एक सेकंदच डोलतो

दिवाळी अंकांचं ॲप करायचं काम आमच्याकडे आलं ते गणपतीच्या आधी. पुण्यातल्या एका जुन्या प्रकाशकांचं काम. माणूस हौशी, सगळे त्यांना काका म्हणतात. अंकांची मुखपृष्ठं कशी मांडायची, पैसे कसे भरायचे, पान कसं उलटायचं, या सगळ्याला काकांनी अर्ध्या तासात होकार दिला. घोडं अडलं ते ॲप उघडताना दिसणाऱ्या पहिल्या चित्रापाशी.

"अरे, उघडल्या उघडल्या वरून आकाशकंदील खाली उतरला पाहिजे. मग तो डोलेल. मग आत दिवा लागेल. आणि खाली आपलं नाव एकेक अक्षर करून उमटेल. शिरोरेषा मात्र शेवटी ओढायची. शाळेत ओढायचो ना, तशी."

आमच्या डिझायनरला ही कल्पना इतकी आवडली, की चार दिवसांत तिने ते सगळं हलतं करून दाखवलं. कंदिलाच्या कागदाला खरा पतंगी कागदाचा पोत होता, झिरमिळ्या वाऱ्यावर हलत होत्या, दिवा लागताना भोवती धूसर तांबूस उजेड पसरत होता आणि शेवटी शिरोरेषा सर्रकन ओढली जात होती. एकूण लांबी २.८ सेकंद. काकांनी ते सात-आठ वेळा पाहिलं. मलाही आवडलं होतं, पण मला त्याच वेळी माहीत होतं की हे जसंच्या तसं बसणार नाही. ॲप उघडताना दिसणारी ती पहिली स्क्रीन, जिला आम्ही स्प्लॅश म्हणतो, ती मुळात ॲपची नसतेच. ती फोनची असते.

हे नीट समजायला बोट चिन्हावर टेकल्यापासून काय होतं ते पाहायला हवं. ॲप आधीपासून फोनच्या मेमरीत जागं असेल, तर ते नुसतं समोर आणलं जातं. तिथे स्प्लॅश दिसतच नाही. पण ते पूर्ण बंद असेल, तर फोनला त्याच्यासाठी नवी प्रक्रिया सुरू करावी लागते, त्याचा कोड मेमरीत आणावा लागतो, पहिल्या पानाची मांडणी करावी लागते आणि मग कुठे त्या पानाचं पहिलं चित्र रंगवलं जातं. याला कोल्ड स्टार्ट म्हणतात. आमच्या ॲपला चांगल्या फोनवर यासाठी ६२० मिलिसेकंद लागत होते आणि कार्यालयात चाचणीसाठी ठेवलेल्या स्वस्तातल्या फोनवर १,९०० मिलिसेकंद, म्हणजे जवळजवळ दोन सेकंद. एवढा वेळ स्क्रीनवर काहीच हललं नाही, तर माणूस पुन्हा बोट दाबतो. म्हणून फोन तत्काळ काहीतरी दाखवतो आणि ॲप तयार झालं की ते बाजूला करतो.

पूर्वी अँड्रॉइडवर हे 'काहीतरी' म्हणजे बहुतेकदा कोरी पांढरी खिडकी असायची. ती झाकायला आमच्या धंद्यातल्या मंडळींनी एक तोडगा काढला होता: ॲपचंच एक वेगळं पहिलं पान करायचं, त्यावर लोगो ठेवायचा आणि दोन-तीन सेकंदांचा टायमर लावून द्यायचा. यातली गंमत बघा. पांढरी खिडकी दिसते ती ॲप जागं होताना. लोगोचं पान येतं ते ॲप जागं झाल्यावर. म्हणजे खरी वाट पाहून झाल्यावर वर आणखी तीन सेकंद खोटी वाट पाहायला लावायची, आणि हे सगळं कशासाठी, तर वाट पाहिल्याचं जाणवू नये म्हणून! मीही असे टायमर लावले आहेत, नाकारत नाही. गिऱ्हाईकाला लोगो डोळेभर दिसायचा, तो खूश व्हायचा.

ऑक्टोबर २०२१ मध्ये अँड्रॉइड १२ आलं आणि गूगलने हा कारभार आपल्या हातात घेतला. तेव्हापासून प्रत्येक ॲपला, त्याने मागितली असो वा नसो, फोन स्वतःच स्प्लॅश दाखवतो: एका रंगाची पार्श्वभूमी आणि मधोमध ॲपचं चिन्ह. ज्यांनी जुनं टायमरवालं पान तसंच ठेवलं, त्यांच्या ॲपमध्ये आधी फोनचा लोगो आणि मग त्यांचा स्वतःचा लोगो, असे दोन लोगो एकामागून एक दिसू लागले. आजही काही ॲपमध्ये हा दुहेरी सत्कार दिसतो. दिसला, तर ते पान २०२१ नंतर कोणी उघडून पाहिलेलं नाही असं खुशाल समजावं.

आता मुद्द्याची गोष्ट. ही स्प्लॅश रंगवतो कोण? फोनच्या माथ्यावरची घड्याळाची नि बॅटरीची पट्टी आणि खाली ओढली की येणारी सूचनांची यादी ज्या सिस्टीमच्या प्रोग्रामकडून रंगवली जाते, तोच ही स्प्लॅशही रंगवतो. त्या क्षणी आपलं ॲप अजून उठून डोळे चोळत असतं. त्याच्या कोडातली एकही ओळ चालवता येत नाही, कारण तो कोड चालवणारी प्रक्रियाच अजून उभी राहिलेली नाही. नाट्यगृहाचा पडदा नाट्यगृहाच्या माणसाच्या हातात असतो, नाटक मंडळी तेव्हा आत रंग लावत असतात. फोन फक्त ॲपच्या गाठोड्यातून एक रंग, एक चित्र आणि एक-दोन आकडे वाचू शकतो. ते ॲपने आधीच लिहून ठेवायचे. आमच्या ॲपसाठी लिहिलेली चिठ्ठी अशी होती:

```xml
<style name="Theme.Kandil.Splash" parent="Theme.SplashScreen">
    <item name="windowSplashScreenBackground">@color/sanjveL</item>
    <item name="windowSplashScreenAnimatedIcon">@drawable/kandil</item>
    <item name="windowSplashScreenAnimationDuration">900</item>
    <item name="postSplashScreenTheme">@style/Theme.Kandil</item>
</style>
```

पहिली ओळ पार्श्वभूमीच्या रंगाची, दुसरी हलत्या चिन्हाची, तिसरी ते किती मिलिसेकंद हलतं याची आणि चौथी स्प्लॅश संपल्यावर ॲपने कोणता वेश घालायचा याची. सगळं एवढंच. आवाज नाही, व्हिडिओ नाही, जिफ नाही. डिझायनरने काम केलं होतं लॉटी नावाच्या पद्धतीत. आजकाल बऱ्याच ॲपमधली हलती चित्रं तिच्यात होतात. पण लॉटीचं चित्र हलवायला लॉटीचा कोड चालावा लागतो, आणि कोड तर झोपलेला. स्प्लॅशमध्ये चालतं ते फक्त फोनला जन्मतः येणारं हलतं रेखाचित्र, ज्याला अँड्रॉइडमध्ये ॲनिमेटेड व्हेक्टर ड्रॉएबल म्हणतात. ही एक मजकुराची फाइल असते. इथून रेघ सुरू कर, इथे वळव, हा आकार या रंगाने भर, आणि हा गट या बिंदूभोवती इतक्या अंशांनी इतक्या वेळात फिरव, अशा आज्ञा तिच्यात लिहिलेल्या असतात.

या भाषेत सांगता येतं ते बरंच आहे. आकार फिरवता येतो, सरकवता येतो, लहान-मोठा करता येतो. रंग आणि पारदर्शकता बदलता येते. रेघ हळूहळू ओढल्यासारखी दाखवता येते, म्हणजे काकांची शिरोरेषा खरं तर इथे सुरेख जमली असती. एका आकाराचं दुसऱ्या आकारात रूपांतरही करता येतं, मात्र दोन्ही आकारांत रेघा नि वळणं सारख्याच संख्येने आणि त्याच क्रमाने असायला हवीत. जे सांगता येत नाही ते म्हणजे छायाचित्र आणि धूसरपणा. त्यामुळे पतंगी कागदाचा पोत पहिल्याच दिवशी गेला. दिव्याचा पसरणारा उजेड डिझायनरने धूसर करून केला होता, तोही गेला. त्याच्या जागी तिने एकात एक अशी तीन तांबूस वर्तुळं ठेवली आणि त्यांची पारदर्शकता आतून बाहेर थोड्या थोड्या अंतराने बदलली. हातभर लांबून पाहिलं तर फरक कळत नाही. तिला मात्र कळतो आणि अजूनही ती त्यावरून कुरकुरते.

खरी ओढाताण झाली जागेवरून. सिस्टीम हे चिन्ह गोल खिडकीतून दाखवते. चिन्हामागे वेगळ्या रंगाची चकती नसेल, तर चित्राचा चौकोन २८८ बाय २८८ एककांचा धरायचा आणि त्यातलं दिसणारं सगळं १९२ एककं व्यासाच्या वर्तुळात बसवायचं. हे एकक म्हणजे डीपी, स्क्रीन कितीही दाट असली तरी डोळ्यांना साधारण सारखंच दिसेल असं माप. वर्तुळाबाहेर जे जाईल ते अदृश्य होतं. म्हणजे वरून उतरणारा कंदील स्क्रीनच्या माथ्यावरून येणारच नाही. तो स्क्रीनच्या मधोमध एका न दिसणाऱ्या भोकातून उगवल्यासारखा येईल. आम्ही करून पाहिलं. विहिरीतून कोणीतरी डोकं वर काढावं तसं ते दिसत होतं, फक्त उलटं. उतरणं रद्द झालं.

डोलण्यालाही हाच चाप. चौकोनाचं केंद्र १४४, १४४ वर. दोरीचं टोक आम्ही वर १४४, ५६ वर टांगलं आणि तिथून झिरमिळ्यांच्या टोकापर्यंतची लांबी १७० ठेवली. झिरमिळ्या खाली मध्यापासून दोन्ही बाजूंना १५-१५ एककं पसरलेल्या. डिझायनरच्या मूळ चित्रात कंदील २० अंशांपर्यंत झुलत होता. तेवढा झुलवला की बाहेरच्या झिरमिळीचं टोक केंद्रापासून सुमारे ९८ एककांवर जातं, आणि वर्तुळाची त्रिज्या आहे ९६. म्हणजे प्रत्येक झोक्याच्या टोकाला झिरमिळीचा कोपरा दोन एककं कापला जाऊन पुन्हा उगवत होता. कागदावर हे क्षुल्लक वाटतं, पण डोळा नेमका तिथेच जातो. झोका १२ अंशांवर आणला, तेव्हा तेच टोक ९० एककांवर राहिलं आणि कापाकापी थांबली. असा दोष शोधायचा असेल तर ॲनिमेशन डोळ्यांनी पाहत बसू नये. स्क्रीनचं चित्रण करून ते एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहावं. वेगात तो नुसता 'काहीतरी खटकतंय' असा जाणवतो.

आणि नाव? ते वर्तुळात वाचता येईल इतकं मोठं बसत नव्हतं. स्क्रीनच्या तळाशी २०० बाय ८० एककांचं एक स्थिर चित्र ठेवायची सोय अँड्रॉइड देतं, पण ते हलत नाही, आणि ते शक्यतो वापरू नका असं गूगलच सांगतं. मीही तेच म्हणेन. चिन्ह आणि त्याखाली पुन्हा नावाची पाटी म्हणजे दारावर नाव लिहिलेल्या घरात शिरल्यावर यजमानाने आपलं कार्ड हातात देणं.

उरला वेळ. काकांना २.८ सेकंद हवे होते. अँड्रॉइडचं म्हणणं आहे की फोनवर हे हलणं १,००० मिलिसेकंदांच्या पुढे जाऊ नये. सुरुवातीला क्षणभर थांबून मग हलायला लागायचं असेल, तर तो थांबाही जास्तीत जास्त १६६ मिलिसेकंदांचा. सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या स्क्रीनवर एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकतं. म्हणजे संपूर्ण ॲनिमेशनला साठ चित्रं आणि थांब्याला दहा. डिझायनरने साठ चित्रांचा हिशेब मांडला: पहिल्या ३०० मिलिसेकंदांत दिवा लागतो, आणि त्याच वेळी सुरू होऊन ९०० मिलिसेकंदांत एक झोका पुरा होतो, आधी उजवीकडे १२ अंश, मग डावीकडे ८, मग मधोमध. थांबा शून्य. कंदील पहिल्या चित्रापासूनच टांगलेला आहे, फक्त विझलेला.

इथे बहुतेकांचा एक गैरसमज होतो, आणि तो त्या चिठ्ठीतल्या ९०० च्या आकड्यामुळे होतो. वाटतं, की ९०० लिहिलं म्हणजे स्प्लॅश ९०० मिलिसेकंद दिसेल. तसं नाही. तो आकडा माहितीपुरता असतो. स्प्लॅश कधी जाते हे एकच गोष्ट ठरवते: ॲपने आपलं पहिलं चित्र रंगवलं की नाही. रंगवलं, की पडदा गेला. अँड्रॉइड १३ पासून तर फोन हा आकडा थेट रेखाचित्रातूनच काढतो, चिठ्ठीत लिहिलेला त्याला लागत नाही. आमच्या चांगल्या फोनवर ॲप ६२० मिलिसेकंदांत तयार व्हायचं, आणि कंदील डावीकडे झुकलेला असतानाच गायब व्हायचा. फोन जितका चांगला, तितकं ॲनिमेशन तुटकं! स्वस्तातल्या फोनवर उलट तऱ्हा. झोका ९०० ला संपायचा आणि पुढचा पूर्ण एक सेकंद कंदील निश्चल. पाहणाऱ्याला वाटायचं, अडकलं.

दुसऱ्या अडचणीवर उपाय सोपा होता. ॲप उघडायला सेकंदाहून जास्त वेळ लागत असेल, तर ॲनिमेशन पुन्हा पुन्हा चालेल असं करा, ही खुद्द अँड्रॉइडचीच सूचना आहे. डोलणाऱ्या कंदिलाला तर ते शोभूनच दिसतं. दिवा एकदाच लागतो, झोके चालू राहतात. कोणाचा लोगो उड्या मारत येत असेल, तर तो दहा वेळा उड्या मारताना कसा दिसेल याचा विचार त्याने आधी करावा.

पहिल्या अडचणीसाठी दोन मार्ग आहेत आणि दोन्ही ॲप जागं झाल्यावरचे. एक म्हणजे फोनला सांगायचं, की अमुक गोष्ट होईपर्यंत पडदा तसाच ठेव. ही सोय आहे ती पहिल्या पानाला लागणारी एखादी छोटी गोष्ट, जसं वाचकाने निवडलेला रंग, साठवणीतून वाचून होईपर्यंत. फोन प्रत्येक चित्र रंगवण्याआधी ती अट तपासतो, म्हणून ती झटकन उत्तर देणारी हवी. तिथे इंटरनेटवरून काही आणायची अट घातली, की लोकलच्या बोगद्यात ॲप उघडणाऱ्या माणसाला नुसता कंदीलच पाहत बसावं लागणार.

दुसरा मार्ग आम्ही घेतला. पडदा जायची वेळ झाली की सिस्टीम तो ॲपच्या हातात सोपवू शकते: घे, आता तू काढ. मग ॲप हिशेब करतं. झोका सुरू होऊन ६२० झाले, एक झोका ९०० चा, म्हणजे आणखी २८० थांबू आणि मग फिकट होत जाऊ दे. स्वस्त फोनवर १,९०० होऊन गेलेले असतात, बाकी उणे येते, म्हणजे शून्य धरून लगेच काढायचा. फिकट होऊन झालं, की `remove()` म्हणायचं. ते म्हणायला विसरलं, तर पडदा कायमचा राहतो आणि ॲप त्याच्यामागे तयार होऊन उभं असतं. ही चूक नवखे करतात.

आम्ही नवखे नव्हतो, म्हणून आम्ही दुसरी केली. झोका कधी सुरू झाला ही वेळ सिस्टीम सांगते ती १ जानेवारी १९७० पासूनच्या मिलिसेकंदांत. आमच्यातल्या एकाने 'आत्ताची वेळ' म्हणून फोन सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद घेतले, कारण ॲनिमेशनच्या कामात एरवी तेच घड्याळ वापरतात. एक घड्याळ १९७० पासून, दुसरं आज सकाळपासून. वजाबाकीचं उत्तर आलं, की झोका पुरा व्हायला अजून पन्नासहून जास्त वर्षं आहेत. ॲप निमूटपणे थांबलं. दुपारभर आम्ही कंदिलाकडे बघत होतो. तो न थकता डोलत होता.

असा गोंधळ झाला तर दोष कुठे आहे हे एका गोष्टीवरून कळतं. फोन संगणकाला जोडला, की नोंदींमध्ये अशी ओळ येते:

```
Displayed com.example.kandil/.MainActivity: +620ms
```

ही ओळ आली, म्हणजे ॲपने पहिलं चित्र रंगवलेलं आहे आणि पडदा अडकलाय तो आपल्याच हाताने. ओळच आली नाही, तर ॲप अजून उठलेलंच नाही, दोष वेगळीकडे शोधायचा. चाचणी करताना ॲप आधी सक्तीने बंद करावं आणि मग घरच्या स्क्रीनवरच्या चिन्हावर बोट टेकूनच उघडावं. अँड्रॉइड १२ वर संगणकाच्या वायरीतून ॲप सोडलं, तर चिन्ह न दिसता नुसता रंग दिसू शकतो. कितीतरी लोकांनी तो आपलाच दोष समजून संध्याकाळ घालवली आहे.

आयफोनचं प्रकरण लवकर संपतं, कारण तिथे वाद घालायला जागाच नाही. ॲपलची पहिली स्क्रीन पूर्ण स्थिर असते. मांडणीची एक फाइल द्यायची, तिच्यात आपला कोणताही कोड जोडता येत नाही, आणि सिस्टीम तिचं चित्र काढून दाखवते. इतकंच नाही, तर ॲपलची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की ही जागा लोगो मिरवायची नाही. ती ॲपच्या पहिल्या पानासारखीच दिसावी, म्हणजे पान जणू लगेच उघडलं असं वाटेल. त्यावर मजकूरही नको, कारण फोनची भाषा बदलली तरी तो बदलत नाही. ज्यांना तरीही काहीतरी हलवायचंच असतं, ते एक हातचलाखी करतात: स्थिर स्क्रीनवर जे चित्र असतं तेच ॲपच्या पहिल्या पानावर अगदी त्याच जागी ठेवायचं आणि मग ते हलवायचं. ट्विटरच्या आयफोन ॲपमधला पक्षी पूर्वी असाच मोठा होत होत पडद्याआडचं पान दाखवायचा. दोन्ही चित्रांत एका बिंदूचाही फरक पडला तर ठेच लागल्यासारखं दिसतं. तिथे सगळी मेहनत हलवण्यात नाही, न हलवण्यात आहे. शिवाय वेळेची घाई तिथेही आहे. पहिलं चित्र ४०० मिलिसेकंदांत यावं असं ॲपलच्या अभियंत्यांनी २०१९ च्या परिषदेत सांगितलं होतं. आणि ॲपने सुरू व्हायला सुमारे २० सेकंद लावले, तर आयफोन त्याला सरळ मारून टाकतो आणि नोंदवहीत `0x8badf00d` असा शेरा लिहितो. इंग्रजीत तो 'वाईट अन्न खाल्लं' असा वाचला जातो. कोणा अभियंत्याने कधीतरी केलेली ही चेष्टा आजही तशीच चालू आहे.

आम्ही आयफोनवर हातचलाखी केली नाही. तिथे कंदील नाही, फक्त संध्याकाळचा जांभळट रंग आणि अंकांच्या रिकाम्या चौकटी.

काकांना हे सगळं सांगायचं कसं, हा प्रश्न होता. वर्तुळ, अंश, मिलिसेकंद यांत त्यांना रस नव्हता. डिझायनरनेच मार्ग काढला. तिने विचारलं, "काका, तुमचा वाचक दिवसातून किती वेळा ॲप उघडेल?"

"चांगला वाचक असला तर सहा वेळा."

तिने कागदावर मांडलं: २.८ सेकंद, सहा वेळा, ३६५ दिवस. उत्तर ६,१३२ सेकंद, म्हणजे वर्षाला एक तास बेचाळीस मिनिटं. प्रत्येक वेळी कोल्ड स्टार्ट होणार नाही हे खरं, पण कमी मेमरीच्या फोनवर मागे पडलेलं ॲप फोन स्वतःच बंद करतो, त्यामुळे हिशेब फार चुकीचा नव्हता. काका थोडा वेळ कागदाकडे पाहत राहिले. "एवढ्यात एक अख्खी दीर्घकथा वाचून होते," ते म्हणाले. त्यांनी २.८ सेकंदांचा हट्ट सोडला. शिरोरेषेचा सोडला नाही.

तो आम्ही पुरवला, पण दुसऱ्या जागी. ॲप बसवल्यावर पहिल्यांदा उघडलं, की पडदा गेल्यानंतर अंकांच्या यादीच्या माथ्यावर प्रकाशनाचं नाव एकेक अक्षर करून उमटतं आणि शेवटी शिरोरेषा ओढली जाते. तेव्हा ॲप पूर्ण जागं असतं, त्यामुळे लॉटीही चालते, वर्तुळाची कुंपणं नाहीत, सेकंदाची मर्यादा नाही. खाली यादी तयार असते. नाव लिहून होईपर्यंत कोणाला थांबायचं नसेल, तर तो सरळ अंक उघडू शकतो. हे एकदाच होतं. दुसऱ्या वेळी नाव आधीच लिहिलेलं असतं.

ॲप वसुबारसेच्या दोन दिवस आधी आलं. त्या संध्याकाळी काकांचा फोन आला.

"सगळं छान आहे रे. पण माझा कंदील डोलतच नाही."

मी विचारलं, "काका, तुमच्या फोनवर अँड्रॉइड कितवं आहे?"

त्यांनी नातवाला विचारून सांगितलं. अकरा. जुन्या फोनवर हीच स्प्लॅश दाखवणारी गूगलची पूरक लायब्ररी आम्ही वापरली होती. ती रंग दाखवते, कंदीलही दाखवते, पण बाराच्या आधीच्या फोनवर चिन्ह हलवत नाही.